बूस्टचे पैसे वसूल झाले का? निपाणीच्या चपलेवर मांडलेला हिशोब

रील जरा बरी चालली की इन्स्टाग्राम खाली बटण पुढं करतं: बूस्ट करा. दीडशे रुपये रोज, पाच दिवस. पाच दिवसांनी आकडे येतात. इतक्या लोकांपर्यंत पोचली, इतके निकाल आले, एका निकालाचा खर्च पंचवीस रुपये. हे स्वस्त की महाग, ते मात्र अ‍ॅप सांगत नाही. त्याला तुमच्या मालातला नफा ठाऊक नसतो, आणि न बूस्ट करताही किती गिऱ्हाईक आलं असतं हेही ठाऊक नसतं. हे दोन आकडे तुमचे तुम्हालाच काढावे लागतात. ते कसे काढायचे, एवढंच या लेखात आहे.

उदाहरण घेऊ निपाणीतल्या कोल्हापुरी चपलेच्या एका छोट्या दुकानाचं. नाव कोल्हापुरी असलं, तरी २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले चार जिल्हेही त्यात होते, आणि बेळगाव त्यातलाच एक. त्यामुळे निपाणी-अथणीकडचा दुकानदार ही चपल हक्कानं विकतो. खालचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमचे वेगळे असतील, रीत तीच.

आधी एका जोडात किती उरतं ते काढा

जोड विकला जातो १२०० रुपयांना. कारागिराचे आणि चामड्याचे मिळून ७६०, खोका-पिशवी ३०, कुरिअर ९०. एकूण ८८०. हातात उरतात ३२०. बूस्टचा खर्च फिटायचा तो या ३२० मधून. १२०० चा आकडा या हिशोबात कुठंच येत नाही. "साडेसातशे घातले, सहा हजारांचा माल गेला" असं बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यांना जोडामागं किती उरलं एवढं विचारा, बोलणं तिथंच थांबतं.

चपलेच्या धंद्यात आणखी एक खर्च लपून बसतो, तो मापाचा. गिऱ्हाईक "आठ नंबर" म्हणतं आणि त्याचा आठ नंबर बुटाचा असतो. जोड परत येतो, दुसरा जातो, म्हणजे १८० रुपये कुरिअरला. ओळखीचं गिऱ्हाईक दुकानात येऊन पाय घालून बघतं, त्यामुळे हा खर्च एरवी नजरेत येत नाही. बूस्टवरून आलेलं गिऱ्हाईक लांबचं असतं, तिथं तो हमखास येतो. पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं रेघ मारा आणि फोटो पाठवा असं आधीच सांगितलं तर बराच कमी होतो, पण शून्य होत नाही.

मग फुकटात किती येतं ते काढा

मागच्या सहा रील घ्या आणि प्रत्येकीची आठव्या दिवशीची पोच वहीत लिहा. आपल्या दुकानाचे आकडे असे धरू: १७००, १९००, २१००, २३००, २६०० आणि १४,५००. यांची सरासरी चार हजारांवर जाते, पण ती फसवी आहे. एका रीलनं ती ओढून वर नेली आहे. चढत्या क्रमानं लावून मधला आकडा बघा. इथं २१०० आणि २३०० च्या मधोमध, म्हणजे २२०० येतो. ही तुमची नेहमीची फुकटची पोच. पुढची तुलना याच आकड्याशी करायची.

आता त्याच रीलवरून आलेले चॅट मोजा. हे अ‍ॅप सरळ हातात देत नाही, इनबॉक्समध्ये बसून मोजावं लागतं. पहिल्या आठ दिवसांत भाव, माप किंवा पत्ता विचारणारे नवे लोक किती आले तेवढंच धरायचं. हात जोडलेली चिन्हं आणि "मस्त दादा" धरायचं नाही. समजा, सहा रीलवर मिळून ४० चॅट आले आणि त्यातून १२ जोड गेले. म्हणजे फुकटच्या शंभर चॅटमागं तीस ऑर्डरी. रोजचं बघितलं तर रील टाकल्यावर पहिल्या तीन दिवसांत साधारण चार चॅट येतात, आणि चौथ्या ते आठव्या दिवसात आणखी तीनेक. हा शेवटचा "तीनेक" जपून ठेवा, पुढं लागणार आहे.

१४,५०० वाल्या रीलचं काय? त्यात दुकानातलं मांजर चपलेच्या ढिगाऱ्यावर झोपलं होतं. लोकांनी एकमेकांना पाठवली, हसले, पुढं गेले. चॅट आले चार. लोक हमखास बूस्ट करतात ती अशीच रील, कारण तिचा आकडा मोठा दिसतो. पण पोच फुकटात भरपूर मिळाली आणि तरी कुणी भाव विचारला नाही, तर पैसे देऊन आणखी पोच घेतल्यावर तरी कोण विचारणार?

कुठली रील बूस्ट करायची

दर हजार पोचीमागं जास्त चॅट देणारी. मांजराच्या रीलवर हजारामागं एक चॅटही धड नाही. आपण जी निवडली आहे तिच्यात कारागीर कापशी चपलेची वेणी घालतो आणि शेवटी जोड पायात घालून फरशीवर चार पावलं चालतो. कर्रर्र, कर्रर्र. तीन दिवसांत पोच १८०० आणि चॅट सात, म्हणजे हजारामागं जवळजवळ चार. हिच्यावर पैसे लावायला हरकत नाही.

तीन दिवस थांबायचं ते याचसाठी. टाकल्या टाकल्या बूस्ट केलं, तर फुकटचं किती होतं आणि विकतचं किती, हे नंतर वेगळं काढता येत नाही.

त्या कर्रकर्रीचा आणखी एक फायदा आहे. रीलला सिनेमातलं गाणं लावलेलं असेल तर बूस्ट होत नाही, कारण गाण्याचे हक्क तुमच्याकडे नसतात आणि बूस्ट केलेली रील जाहिरात धरली जाते. चपलेचा स्वतःचा आवाज असेल तर प्रश्नच येत नाही. लग्नसराईत ऐन वेळी "ही रील बूस्ट करता येत नाही" असं बघायचं नसेल, तर रील काढतानाच मूळ आवाज ठेवा.

बूस्ट लावताना: ध्येय आणि जागा

बूस्ट करायला खातं व्यावसायिक असावं लागतं. पुढं अ‍ॅप विचारतं, तुम्हाला काय हवं: प्रोफाइलला भेटी, वेबसाइटला भेटी की मेसेज. "निकाल" म्हणजे काय मोजलं जाणार ते इथं ठरतं. प्रोफाइलच्या भेटी निवडल्या तर एक निकाल दोन-अडीच रुपयांत पडलेला दिसू शकतो आणि मेसेज निवडले तर पंचवीसला. म्हणून पहिलं स्वस्त असं नव्हे. तुम्ही जे मागितलं ते करणारी माणसं अ‍ॅप शोधून देतं. प्रोफाइल उघडणारी मागितली तर उघडून जाणारी मिळतात. ज्याचं दुकान चॅटवर चालतं त्यानं मेसेजच निवडावेत. दोन वेगळ्या ध्येयांचे "प्रति निकाल" आकडे शेजारी ठेवून तुलना तर कधीच करू नये.

जागा निवडणं हे आपल्या भागात जरा अवघड काम आहे. राज्य म्हणून कर्नाटक निवडलं तर पैसे बेंगळुरू-कलबुर्गीकडे जातात. महाराष्ट्र निवडलं तर पुण्या-मुंबईत जातात आणि खुद्द निपाणी-चिकोडी बाहेर राहते. आपलं गिऱ्हाईक सीमेच्या दोन्ही अंगांना आहे. म्हणून राज्य नको, निपाणीवर टाचणी ठेवून भोवती पन्नास किलोमीटरचं वर्तुळ घ्या. त्यात कोल्हापूर, कागल, इचलकरंजी येतात आणि चिकोडी, संकेश्वरही येतात. बेळगाव शहर हवं असेल तर त्याची टाचणी वेगळी घाला. सीमेपलीकडे माल पाठवणं म्हणजे दुसऱ्या राज्यात विक्री, तेव्हा जीएसटी नोंदणीचं काय ते आपल्या सीएला आधी विचारून ठेवा.

दोन गोष्टी मात्र या वर्तुळाच्या हातात नाहीत. एक म्हणजे हायवे. निपाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आहे, आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या हिशोबात "या जागेतले" म्हणजे तिथं राहणारे आणि नुकतेच तिथं येऊन गेलेले, दोन्ही. ढाब्यावर जेवायला थांबून हुबळीला गेलेला माणूसही तुमची रील बघू शकतो. दुसरी गोष्ट भाषा. बूस्टच्या पडद्यावर भाषा निवडायची सोय नाही. अ‍ॅड्स मॅनेजर या मेटाच्या जाहिरातींच्या वेगळ्या पडद्यावर आहे, पण ती माणसानं अ‍ॅप कुठल्या भाषेत ठेवलंय त्यावर चालते, आणि आपल्याकडे मराठी काय, कन्नड काय, बहुतेकांचं अ‍ॅप इंग्रजीत असतं. तिथं "मराठी" निवडलंत तर निम्मं गिऱ्हाईक गाळलंत असं समजा. त्यापेक्षा "रेट एष्टु री?" असं विचारणारे येणार हे धरून चाला. भाव आणि माप सांगण्यापुरतं कन्नड दुकानात कुणाला तरी येतंच. रीलवर भाव दोन्ही लिप्यांत लिहून टाकला तर नुसता भाव विचारून गप्प होणारे थोडे कमी होतात.

बूस्टच्या आधी मर्यादा ठरवा

एका निकालाला जास्तीत जास्त किती द्यायचे, हे पैसे लावायच्या आधी ठरलेलं असावं. पाच दिवसांनी ठरवायला बसलं की माणूस आलेल्या आकड्यालाच बरं म्हणायला लागतो.

फुकटच्या चॅटमधून शंभरी तीस ऑर्डरी येतात, पण बूस्टवरून येणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही. त्याचा दर पहिल्या वेळी निम्माच धरा, पंधरा. तर एका चॅटची किंमत ३२० च्या पंधरा टक्के, म्हणजे ४८ रुपये. पण पडद्यावर दिसणाऱ्या खर्चात जीएसटी धरलेला नसतो. तो १८ टक्के वरून लागतो. म्हणून ४८ ला १.१८ नं भागा, येतात ४० रुपये आणि थोडे पैसे. पडद्यावरचा "प्रति निकाल खर्च" चाळिसाच्या खाली राहिला तर आपण पाण्याबाहेर आहोत, असा पहिला अंदाज. तुमची जीएसटी नोंदणी नेहमीच्या पद्धतीची असेल आणि जाहिरात खात्यात जीएसटी क्रमांक घातलेला असेल, तर त्या कराचं क्रेडिट मिळू शकतं. मग १.१८ चा भागाकार करायचं कारण नाही. कंपोझिशनमध्ये असाल किंवा नोंदणीच नसेल, तर तो कर तुमच्याच खिशातून जातो.

आयफोनवरून बूस्ट करणाऱ्यांनी शेवटचा पडदा नीट वाचावा. तिथं अ‍ॅपलचं शुल्क वेगळं लावलेलं दिसलं तर मागं फिरा आणि ब्राउझरमधून इन्स्टाग्राम उघडून तिथून बूस्ट करा.

आता पाच दिवसांनंतरचा हिशोब

रोज १५० प्रमाणे ७५० झाले, वर जीएसटी १३५, एकूण ८८५ रुपये. अ‍ॅप म्हणतं: पोच ९६००, निकाल ३०, प्रति निकाल २५ रुपये. आपल्या चाळिसाच्या मर्यादेत आहे. इथं बरेच जण वही मिटतात. आपण ती इथंच उघडायची.

पहिल्यांदा ते तीस चॅट उघडून वाचा. बूस्टच्या चॅटमध्ये एक तयार प्रश्न पुढं केलेला असतो. माणूस बोटानं तो दाबतो आणि त्याच्या नावावर एक निकाल जमा होतो. तीसपैकी अकरा जण असे निघाले की तुम्ही "कुठलं माप?" विचारलंत आणि पुढं काहीच नाही. खरं बोलणं झालं एकोणीस जणांशी. तरी भागाकार करताना तीसच धरायचे, कारण पैसे तीसांचे गेले आहेत. अकराचा आकडा फक्त बाजूला लिहून ठेवा. पुढच्या वेळी तो वाढला तर रीलमध्ये किंवा जागेत काही चुकतंय हे कळेल.

त्या एकोणीसमधून पाच जोड गेले. आता विचारा, या पाचांपैकी कोण एरवीही आलंच असतं? नावं बघा. एक चिकोडीचे मास्तर निघाले. दर वर्षी जोड नेतात, या खेपेला बूस्टची रील समोर आली म्हणून तिथून चॅट केलं एवढंच. त्यांची ऑर्डर बूस्टच्या खात्यात घालायची नाही. उरल्या चार.

दुसरी वजाबाकी त्या जपून ठेवलेल्या "तीनेक"ची. चौथ्या ते आठव्या दिवसात जाहिरातीशिवाय, आपसूक आलेले चॅट मोजा. आपल्याकडे तीन आले, म्हणजे फुकटचा झरा नेहमीसारखाच चालू होता. ते एकदम शून्यावर आले असते तर अर्थ असा की नेहमीचीच माणसं या वेळी विकतच्या दारातून आत आली. मग तीसमधून तीन चॅट आणि एक ऑर्डर आणखी वजा करावी लागली असती. बूस्ट केल्यावर फुकटची पोच मरते अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. तिच्यावर वाद घालण्यापेक्षा पुढच्या तीन रीलची आठव्या दिवसाची पोच २२०० शी ताडून बघावी, तुमच्या खात्यापुरतं उत्तर मिळतं.

तर चार जोड, प्रत्येकी ३२०, झाले १२८०. एक जोड मापासाठी परत आला, १८० गेले. राहिले ११००. त्यातून ८८५ वजा, उरले २१५ रुपये.

हाच हिशोब अ‍ॅपवर विसंबून केला असता तर पाच जोडांचे १६०० धरले असते, परतीचे १८० काढून १४२०, त्यातून करावाचून ७५० वजा. "सहाशे सत्तर सुटले" असं म्हणून दुसऱ्या दिवशी रोजचे तीनशे लावले असते.

आता आपली मर्यादा पुन्हा काढा, या वेळी अंदाजानं नाही. हाती आले ११००, चॅट तीस, म्हणजे एका चॅटची खरी किंमत ३६ रुपये ६७ पैसे. १.१८ नं भागलं की ३१. पुढच्या बूस्टला पडद्यावरचा आकडा ३१ च्या आत हवा, चाळीस विसरा. आज तो पंचवीस आहे, म्हणजे अंगावर फार मांस नाही. रोजचे पैसे वाढवले की निकाल बहुधा महाग होत जातो, कारण सहज मिळणारी माणसं आधी संपतात. दीडशेचे तीनशे करून पंचविसाचा तेहतीस झाला, तर जास्त जोड विकून तुम्ही तोट्यात जाल.

या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा

फारसा नाही, आणि हे स्पष्ट सांगितलेलं बरं. चारऐवजी तीनच जोड गेले असते तर हाती ९६० मधून १८० जाऊन ७८० आले असते आणि खर्च ८८५. एका गिऱ्हाइकानं मन बदललं की नफ्याचा तोटा. म्हणून एका बूस्टवरून "परवडतं" किंवा "परवडत नाही" म्हणू नका. त्याच जातीच्या रीलवर, त्याच जागेत, तेवढ्याच पैशांत पुन्हा करा आणि दोन्हींचे चॅट, ऑर्डरी, खर्च एकत्र मिळवून मग भागा. मधे काहीतरी वेगळं करून बघायचा मोह होतो, पण रील आणि जागा दोन्ही एकदम बदलली तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

हिशोब बंद करायची तारीखही ठरवा. बूस्ट संपल्या दिवशी हिशोब केला तर कमी दिसतो, कारण चपल घेणारा आज विचारतो आणि पगार झाला की पैसे पाठवतो. बूस्ट संपल्यावर चौदा दिवस वाट बघा, मग रेघ ओढा. दिवाळीत येऊन "ती रील बघितली होती" म्हणणारा भेटला तर आनंद माना, पण जुन्या हिशोबात त्याला घुसवू नका. वरचे पाच जोड असे चौदा दिवस धरूनच आहेत.

आणि हंगाम. हा सगळा हिशोब लग्नसराईतला धरला आहे. जून लागला, पाऊस सुरू झाला की कातडी चपल कुणी बाहेर काढत नाही, घेणं लांबच. त्या वेळी चॅट कदाचित तेवढेच येतील आणि प्रति निकाल खर्चही पंचवीसच दिसेल, कारण विचारायला पैसे पडत नाहीत. ऑर्डरी मात्र पाचाच्या दोन होतील. पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसणार नाही, बिघाड फक्त वहीत दिसेल. पावसाळ्याची मर्यादा म्हणूनच वेगळी काढायची. तीस चॅटमागं दोन जोड धरले तर एका चॅटची किंमत २१ रुपये, आणि कर काढून पडद्यावरची मर्यादा १८.

दुसऱ्या बूस्टला दोन दिवस झाले, तीनशे रुपये गेले आणि प्रति निकाल आकडा तुमच्या मर्यादेच्या दुप्पट असेल, तर पाचव्या दिवसाची वाट न बघता बंद करा, उरलेले दिवस वाचतात. दुप्पट नसेल, जरा वर असेल, तर चालू द्या. पहिल्या दोन दिवसांत सात-आठ निकालांवर तो आकडा फार हलतो.